भिंतीची पुडी

चंद्रिकाच्या दुकानात गिऱ्हाईक भिंत पुडीत बांधून आणतं.

नव्या माणसाला हे कळायला जरा वेळ लागतो. तो येतो, काउंटरवर हात टेकतो आणि चार गिट्ट्या द्या म्हणतो. चंद्रिका विचारते, भोकाची भुकटी आणलीय का? तो इकडंतिकडं बघतो, आपण दुकान चुकलो की काय म्हणून. मग ती बोट वर करून पाटी दाखवते. पाटी सासऱ्यांच्या हातची, ऑइल पेंटची, एका बाजूला उतरत गेलेली: ‘भिंतीची पुडी दाखवा, मगच माल घ्या.’

सासरे, सिद्धलिंगप्पा, जाऊन नऊ वर्षं झाली. चंद्रिका दुधनीहून लग्न होऊन सोलापुरात आली तेव्हा तिला स्क्रू आणि खिळा यातला फरक एवढाच ठाऊक होता की एकाला डोक्यावर चीर असते. सासऱ्यांनी तिला स्वयंपाकघरातून उचलून काउंटरवर बसवलं, कारण मुलाला, म्हणजे महेश्वरला, माणसांशी बोलायचा कंटाळा होता. सिमेंटची पोती बोलत नाहीत, म्हणून तो गोदाम बघू लागला. सुनेला त्यांनी पहिल्या महिन्यात शिकवलं ते हे: लाल भुकटी आली तर वीट, तिला प्लास्टिकची गिट्टी, म्हणजे रॉल प्लग. राखाडी आली आणि मशीन घामाघूम झालं तर काँक्रीट, त्याला लोखंडी फास्टनर. वाळू नुसती ओघळून आली तर दोन विटांमधला सांधा, तिथं काहीच ठोकायचं नाही, दोन बोटं सरकायचं. सासरे भुकटी अंगठ्यानं बोटावर घासून बघायचे, जणू हळद पारखतायत. चंद्रिकाही तसंच करते. सव्वीस वर्षं झाली. तिच्या उजव्या अंगठ्यावर सगळ्या सोलापूरच्या भिंती घासून गेल्यात, असं ती हसत म्हणते. त्यात हसण्याखाली थोडा गर्व असतो, तो तिला स्वतःला दिसत नाही.

त्या गुरुवारी सकाळी आधी एक मेस चालवणारी बाई आली होती. मसाल्याच्या डब्यांची फळी दुसऱ्यांदा पडली म्हणून चिडलेली. पुडीत वर पांढरी आणि खाली लाल भुकटी होती, आणि तिनं आणलेली जुनी गिट्टी होती जेमतेम बोटाच्या पेराएवढी. चंद्रिकानं तिला समजावलं की पांढरी भुकटी गिलाव्याची. गिलावा म्हणजे भिंतीची पावडर, त्यावर संसार टांगायचा नसतो. तिनं लांब गिट्ट्या दिल्या, गिट्टीच्या नंबराचंच बिट घ्यायला सांगितलं, भोक गिट्टीपेक्षा बोटाच्या नखाएवढं जास्त खोल करून आतली धूळ फुंकून टाकायला सांगितलं आणि स्क्रूसुद्धा तेवढाच लांब बांधून दिला. बाई जाताना म्हणाली, नवऱ्यानं भोकात आगकाड्या खुपसल्या होत्या. चंद्रिका म्हणाली, सगळे तेच करतात, म्हणून तर आमचं दुकान चालतं.

बाई गेली आणि बिरुदेव आला. सांगोल्याकडचा, चाळिशीचा, ड्रिल मशीन मोटारसायकलच्या हँडलला पिशवीत लटकवून गावभर फिरणारा फिटर. भुकटी आणायला तो कधी विसरत नाही, म्हणून चंद्रिकाला तो आवडतो. त्यानं वर्तमानपत्राची पुडी उलगडली आणि सांगितलं की ही कमलम्मा टीचरांच्या संडासातली.

चंद्रिकाचा हात थांबला.

कमलम्मा टीचर म्हणजे जुळे सोलापुरातल्या, कन्नड शाळेतून निवृत्त झालेल्या. चंद्रिका नवी नवरी होती तेव्हा डब्यांवरचं इंग्रजी तिला वाचता येत नसे. गिऱ्हाईक जे नाव घेई ते डब्याच्या रंगावरून ती शोधायची. टीचर एकदा नळाचा वॉशर घ्यायला आल्या, त्यांनी ते पाहिलं, आणि त्या उन्हाळ्यात रोज चार वाजता येऊन दुकानातल्या स्टुलावर बसल्या. पाटी नाही, पुस्तक नाही. बोल्टच्या डब्यांवरून अक्षरं. दीड महिन्यात चंद्रिका सगळे डबे वाचू लागली. सासऱ्यांनी टीचरांना साडी दिली ती त्यांनी परत केली आणि म्हणाल्या, मला नळाचा वॉशर फुकट द्या, तेवढं पुरे.

आता टीचरांचं वय अठ्ठ्याहत्तर. दीड महिन्यापूर्वी खुब्याचं ऑपरेशन झालं. वॉकर धरून चालतात, पण कमोडवरून उठायला कुणाचा तरी हात लागतो. मुलगा अमरेश पुण्याहून येऊन राहिलाय, खोलीत बसून कॉम्प्युटरवर ऑफिस करतो. त्याची रजा, सवलत, जे काय असेल ते रविवारी संपतं. रविवारपर्यंत आई आपली आपण उठू लागली तर ती इथं राहणार, धुणंभांड्याची बाई दिवसा येईल. नाही उठू शकली तर पुण्याला, बाराव्या मजल्यावर. घर भाड्यानं द्यायचं. टीचर हे सगळ्या गल्लीला सांगतात, हसत सांगतात, आणि सांगून झालं की पदराचं टोक पिळत बसतात.

म्हणून कमोडच्या बाजूच्या भिंतीला स्टीलचा जाड दांडा बसवायचा होता. दोन टोकांना चौकोनी पत्ते, म्हणजे स्टीलच्या प्लेटा, प्रत्येक पत्त्याला चार भोकं. बिरुदेवनं बुधवारी मागच्या टोकाला पहिलं भोक पाडलं आणि तेवढ्यात अमरेशची मीटिंग सुरू झाली. मशीन बंद करा म्हणाला. म्हणून एकाच भोकाची भुकटी.

चंद्रिकानं अंगठ्यानं घासली. राखाडी, बारीक, करकरीत. बिट जायला किती वेळ लागला, तिनं विचारलं. बिरुदेव म्हणाला, लई. शिवाय आत सळई लागली म्हणून बोटभर बाजूला घ्यावं लागलं. हे तर सोन्याहून पिवळं. सळई लागली म्हणजे काँक्रीटच. तिनं आठ फास्टनर मोजून दिले, बिट किती एमएमचं ते डब्यावरून वाचून दाखवलं, टाइल पार होईपर्यंत हॅमर, म्हणजे मशीनचे ठोके, बंद ठेवायला सांगितलं, आणि भोकातली धूळ काढल्याशिवाय फास्टनर घालू नकोस म्हणून बजावलं. धूळ राहिली तर फास्टनरची नळी फुलते पण धरत नाही, घसरते. बिरुदेव हे सगळं वीस वर्षं करत आला होता, तरी त्यानं मान डोलावली. चंद्रिकाला सांगायला आवडतं, आणि त्याचं ऐकण्यात काही जात नाही.

शुक्रवारी दहा वाजता तो परत आला. एका टोकाचे चारही फास्टनर दगडासारखे बसले होते. दुसऱ्या टोकाचे नुसते फिरत होते. नट आवळावा तितका बोल्टही फिरतो, बाहेर येतो, पुन्हा फिरतो.

“अक्का, ही चार फास्टनर बोगस हायती,” तो म्हणाला.

हे ऐकून चंद्रिकाला राग आला. एकाच डब्यातले आठ, त्यातले चार चांगले आणि चार वाईट कसे निघतील? तिनं भुकटी मागितली. त्यानं दुसऱ्या टोकाचीही पुडी आणली होती, इमानदारीनं. तिनं घासली. राखाडी. कालच्यासारखीच. मग भिंत तीच, माल तोच, तर चुकलं कोण? तिनं सरळ म्हटलं की तू भोक ढिलं केलंस, मशीन हातात हललं असणार.

बिरुदेव डोकं खाजवत म्हणाला की बिट जरा येगळं चाललं होतं. इंचभर गेलं आणि एकदम धप्पकन आत पडलं, म्हशीचा पाय शेणात पडावा तसं.

“म्हणजे तू जोर जास्त दिलास,” चंद्रिका म्हणाली.

त्यानं पुडी परत बांधली. तिनं एक नंबर मोठे चार फास्टनर काढले आणि हातावर ठेवले. ढिलं भोक मोठ्या फास्टनरनं भरतं, एवढा साधा हिशेब. महेश्वर गोदामातून आला होता, तो दोघांकडं बघून काही न बोलता पुन्हा गोदामात गेला. बोलायचा कंटाळा, म्हणून. पण नंतर चंद्रिकाला वाटलं की त्या दिवशी तरी त्यानं बोलायला हवं होतं; हल्ली भिंतींना काय माल जातो ते गोदामात त्यालाच दिसतं.

दुपारी जेवणाच्या वेळी बिरुदेव तिसऱ्यांदा आला. या वेळी पुडी नव्हती. रुमालात बांधलेलं काहीतरी होतं. त्यानं ते काउंटरवर ठेवलं आणि गाठ सोडली. आत टाइलचा तुकडा होता आणि त्याला चिकटलेला सिमेंटचा एक तुकडा, तळहाताएवढा, जाडीला जेमतेम इंच.

मोठा फास्टनर आवळताना काहीतरी कडकडलं, तो म्हणाला, आणि हे हातात आलं. आत हात घातला तर वारं लागलं.

चंद्रिकानं तुकडा उचलला. एका बाजूला टाइल. मध्ये राखाडी सिमेंट. आणि दुसरी बाजू, जी भिंतीच्या पोटात होती, ती गुळगुळीत, किंचित आत वळलेली, साच्यातून निघावी तशी. तिनं त्या बाजूवर अंगठा फिरवला. अंगठ्याला काहीच लागलं नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

पोकळ ब्लॉक.

तिला आता सगळं दिसलं, तिथं न जाताच. जुनं घर विटांचं, काँक्रीटच्या खांबांवर उभं. पुढं कधीतरी अमरेशनं आईसाठी बेडरूममध्येच संडास-बाथरूम काढलं, मध्ये नवी भिंत घातली, पोकळ ब्लॉकची. दांड्याचं मागचं टोक खांबावर आलं आणि पुढचं टोक ब्लॉकवर. वरून सगळ्याला एकच टाइल. ब्लॉकही शेवटी सिमेंटचाच, त्याची भुकटी राखाडीच येणार. फास्टनर आत फुलून बाजूच्या काँक्रीटला चेपतो आणि त्या चेपण्यावर धरतो. पोकळीत त्यानं चेपायचं कुणाला? तो फुलत राहतो, फिरत राहतो, आणि मोठा असेल तर ब्लॉकचं पातळ कवच फोडतो. सासऱ्यांच्या काळात भिंती भरलेल्या असायच्या, म्हणून पुडी पुरायची. पोकळी पुडीत बांधून आणता येत नाही.

आणि ती बिरुदेवनं तोंडानं आणली होती. धप्पकन आत पडलं, म्हणाला होता. तिनं ऐकलं नव्हतं.

महेश्वरला काउंटरवर बसवून चंद्रिका बिरुदेवच्या मागे मोटारसायकलवर बसली. महेश्वरनं विचारलं, बिजागऱ्या कुठं आहेत? तिनं सांगितलं, जिथं तुझ्या वडिलांनी ठेवल्या तिथं. वाटेत तिच्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत जिच्यासाठी माल दिला अशी एकही भिंत तिनं जाऊन पाहिलेली नाही. शहरभरच्या भिंती तिच्याकडं आल्या, ती कुणाकडं गेली नाही.

टीचरांच्या घरी अमरेश दारातच उभा होता, कानाला फोन. त्यानं फोन ठेवला आणि बिरुदेवकडं बघून बोलायला लागला. नवी टाइल फोडली, भिंतीला भोक पाडलं, दोन दिवस घालवले, याला काम येत नाही हे आधीच कळायला हवं होतं. आता राहू द्या. रविवारी सकाळी आईला घेऊन निघतो, बॅग भरतोच आहे. बिरुदेव खाली बघत उभा होता. वॉकरला धरून टीचर मागे उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते हसू होतं, गल्लीला दाखवायचं.

चंद्रिका मध्ये पडली.

“अमरेश, त्याला बोलू नकोस. त्यानं मला सांगितलं होतं की बिट आत पडलं. मीच ऐकलं नाही. वर मोठा फास्टनर दिला तोही मीच. भिंत मी फोडली.”

अमरेश थांबला. दुकानदार असं बोलत नाहीत.

“आणि अजून एक ऐक,” ती म्हणाली. “सकाळी ते चार बोल्ट नुसते फिरत होते. त्यानं त्यात आगकाड्या ठोकून वरून पांढरं सिमेंट फासलं असतं, तर दांडा झकास दिसला असता. तू खूश होऊन पुण्याला गेला असतास. मग एक दिवस टीचरांनी सगळं वजन टाकलं असतं.”

टीचरांनी वॉकर थोडा पुढं सरकवला आणि बिरुदेवला म्हणाल्या की उभा का आहेस, बस की, पाणी घे.

बिरुदेव पाणी प्यायला आणि चंद्रिका संडासात शिरली. तिनं बोटाच्या पेरानं भिंत ठोकत नेली. मागच्या कोपऱ्यात ठक्क ठक्क, मुकं, भरीव. तो खांब. वीतभर पुढं आवाज बदलला, घागरीसारखा झाला. ब्लॉक. मागची, फ्लशच्या टाकीची भिंत ठोकली, तीही भरीव, पण आवाज खांबापेक्षा मऊ. तिथं टॉवेलच्या दांडीचं जुनं भोक होतं, त्याच्या कडेला लाल भुकटी अजून चिकटलेली. एकाच खोलीत तिन्ही जाती नांदत होत्या आणि टाइलनं सगळ्यांना एकच कपडा घातला होता.

मग ती बाहेर आली आणि तीच भिंत बेडरूमच्या बाजूनं बघितली. टीचरांच्या पलंगाच्या उशाशीच येत होती.

पोकळ ब्लॉकला काय चालतं ते तिला माहीत होतं. हलक्या वस्तूला पंखाचा बोल्ट, जो आत गेला की मागे पंख उघडतो. जड वस्तूला जाळीची नळी घालून त्यात भरायचं केमिकल, ते जाळीतून बाहेर येऊन पोकळीत गाठ धरतं. पण इथं पुढचं कवचच फुटलेलं, आणि टांगायचं ते कपाट नव्हतं, टीचर होत्या. पोकळी काँक्रीटनं भरून टाकावी तर ते मुरायला आठवडा हवा. हातात शनिवार होता.

“आरपार,” ती बिरुदेवला म्हणाली. “मागून धरायचं.”

बिरुदेवनं भिंतीकडं बघितलं, पलंगाकडं बघितलं आणि त्याचे डोळे चमकले. त्यानंच मग पुढचं जुळवलं. भिंतीच्या आरपार चार लांब बोल्ट, बेडरूमच्या बाजूला जाड पत्रा, त्यावर वॉशर आणि नट. संडासाच्या बाजूला जुन्या पत्त्याऐवजी मोठा पत्ता, म्हणजे चारही बोल्ट फुटक्या जागेच्या बाहेर, धड ब्लॉकवर येतील. पण आवळताना पोकळ ब्लॉक चिरडायला नको, म्हणून प्रत्येक बोल्टवर पाइपचा तुकडा घालायचा, भिंतीच्या जाडीपेक्षा केसभरच कमी. जोर पाइपवर येईल, ब्लॉकवर येणार नाही. ही पाइपची गोष्ट चंद्रिकाला सुचली नव्हती. तिनं तसं कबूल केलं. बिरुदेव म्हणाला, गावाकडं नांगराच्या जोडाला असंच करत्यात.

“एवढं डोकं होतं तर सकाळी माझ्याशी भांडला का नाहीस?” तिनं विचारलं.

“तुमची पाटी लई मोठी हाय अक्का,” तो म्हणाला. “तिच्याखाली हुबं राहून भांडता येत न्हाय.”

टीचर हसल्या. या वेळी खरं हसल्या, खुब्याला हात लावून.

शुक्रवारीच संध्याकाळी बिरुदेवनं फुटकी जागा साफ करून सिमेंटच्या मसाल्यानं भरली. शनिवारी सकाळी एमआयडीसीतल्या वेल्डिंगवाल्याकडून मोठा पत्ता बसवून आणला, पाइपचे तुकडे कापले, कडा कानशीनं घासल्या. दुपारी ड्रिलिंग सुरू झालं तेव्हा चंद्रिका पुन्हा हजर होती. या वेळी हॅमर पूर्ण बंद. पोकळ ब्लॉकला ठोके दिले की आतली पातळ भिंत मागच्या बाजूनं उडते. मशीन नुसतं फिरू द्यायचं, हळू, लोण्यात रवी फिरावी तसं. अमरेश मीटिंगमधून उठून आला, म्हणाला आवाज चालू द्या, आणि बिटाजवळ व्हॅक्यूम क्लिनरची नळी धरून उभा राहिला. त्यानं कुणाला सॉरी म्हटलं नाही. पण दीड तास नळी धरून उभा राहिला, आणि तेवढ्या वेळात त्याचा फोन चार वेळा वाजून बंद झाला.

बिट पहिलं कवच पार करून धप्पकन आत पडलं. तिघांनी एकमेकांकडं बघितलं. बिरुदेवनं न बोलता मान हलवली, ऐकलं ना, अशी.

रविवारी सकाळी मसाला सुकला होता. बिरुदेवनं नट शेवटचे आवळले, एकदम एकच नाही, आलटून पालटून, समोरासमोरचे. मग तो दांड्याला दोन्ही हातांनी लोंबकळला, पाय उचलून. भिंतीनं हूं की चूं केलं नाही. पण त्याचं वजन पंचावन्न किलो. त्यानं चंद्रिकाकडं बघितलं. अमरेशनंही बघितलं. चंद्रिका म्हणाली की माझं वजन अठ्ठ्याहत्तर आहे, मोठ्यानं सांगायची गरज नाही. तिनं पदर खोचला, कमोडच्या झाकणावर बसली, दांड्याचं पुढचं टोक, जिथं तिची चूक होती तेच टोक, धरलं आणि सगळं वजन टाकून उठली. मग परत बसली आणि परत उठली. पाच वेळा. दांडा थंड होता आणि स्थिर होता. खांब आणि ब्लॉक मिळून एकाच माणसाला धरून होते आणि हाताला फरक कळत नव्हता.

“साकु, साकु, पुरे झालं,” टीचर दारातून म्हणाल्या. “आता माझी पाळी.”

अमरेश त्यांच्या बगलेत हात घालायला पुढं आला. टीचरांनी त्याचा हात बाजूला केला. वॉकर घेऊन आत गेल्या, वळल्या, दांडा धरून हळूहळू खाली बसल्या. मग बाहेर उभ्या असलेल्या तिघांकडं त्यांनी असं बघितलं, जसं वर्गातल्या पोरांकडं बघत असतील.

“काय सर्कस आहे का? दार ओढा. आणि कडी लावू नका, डॉक्टरांनी नको सांगितलंय, पण दार ओढा.”

अमरेशनं दार ओढलं. तिघं बेडरूममध्ये उभे राहिले, भिंतीकडं तोंड करून, कारण दुसरीकडं बघायला कुणालाच जमेना. उशाशी तो जाड पत्रा होता आणि त्यावर चार नट. आत बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग पत्र्यावरचा वॉशर अगदी सूक्ष्म करकरला, म्हणजे कुणीतरी वजन टाकलं होतं. चंद्रिकानं नकळत बिरुदेवचं मनगट धरलं. नट हलले नाहीत. पाणी सोडल्याचा आवाज आला. वॉकरचे रबरी पाय टाइलवर टेकले, एकदा, दोनदा, आणि दार आतून उघडलं.

टीचर दारात उभ्या होत्या. केस विस्कटलेले, कपाळावर घाम.

“बॅग रिकामी कर,” त्या मुलाला म्हणाल्या.

अमरेशनं बॅग रिकामी केली. आईच्या साड्या कपाटात ठेवताना तो थोडा जास्त वेळ कपाटातच तोंड घालून उभा राहिला. मग जेवूनच जा म्हणाला सगळ्यांना, आणि बिरुदेवला आधी ताट वाढलं. टीचरांनी शनिवारीच शेजारणीकडून हुग्गी करून घेतली होती, गव्हाची खीर, खसखस घातलेली. दांडा बसला नसता तर ही पुण्याच्या वाटेवर डब्यातून नेणार होतो, त्या म्हणाल्या, म्हणजे कुठंतरी खाल्लीच असती. पण इथं बसून बरी लागते.

निघताना चंद्रिका टीचरांच्या पाया पडायला वाकली तर त्यांनी तिला अर्ध्यातच धरलं. तुला काय शिकवलं मी, त्या म्हणाल्या, डबे वाचायला. भिंत वाचायला तर तू आणि हा शिकलात. चंद्रिका म्हणाली, मी नाही, हा. आणि लगेच तिनं विचारलं की पलंगाच्या उशाशी हे चार नट टोचणार नाहीत ना, झाकायला टोप्या पाठवते. टीचर म्हणाल्या की नको. त्यांनी चष्मा काढला आणि वरच्या एका नटाला अडकवला. रात्री उठल्यावर शोधावा लागायचा, त्या म्हणाल्या. आता कुठं आहे ते कळेल.

पुढच्या आठवड्यात चंद्रिकानं स्टुलावर चढून पाटी उतरवली. महेश्वरला वाटलं काढून टाकतेय, तो घाईघाईनं गोदामातून आला आणि चक्क बोलला, बापाच्या हातची आहे ती. तिनं सांगितलं की काढत नाही, लांबवतेय. सासऱ्यांच्या ओळीखाली तिनं त्याच रंगानं, त्यांच्याइतकंच उतरत, लिहिलं: ‘जितकी टोकं तितक्या पुड्या. बिट आत पडलं तर तेही सांगा. आम्ही ऐकू.’

शेवटचे दोन शब्द लिहावेत की नाही यावर ती बराच वेळ ब्रश धरून बसली होती.

बिरुदेव आला तेव्हा रंग ओलाच होता. त्याच्या हातात तीन पुड्या होत्या, प्रत्येकीवर पेन्सिलनं काहीतरी खूण. त्यानं सावकाश पाटी वाचली, ओठ हलवत.

“माजं नाव न्हाय टाकलं खाली?”

“टाकलं तर सगळं गाव तुलाच बोलावेल,” चंद्रिका म्हणाली, “मग माझ्याकडं भिंती घेऊन कोण येणार?”

आणि तिनं पहिली पुडी उलगडली. लाल होती. तरी तिनं आधी विचारलं, बिट कसं गेलं?